४१ टक्के वाटा आणि पेट्रोलवरचा कर

“केंद्र ४१ टक्के कर राज्यांना देते, मग पेट्रोलच्या केंद्रीय करातले ४१ टक्केही राज्यांना मिळतात का?”

नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ठरवलेले ४१ टक्के हे केंद्राच्या एकूण वसुलीवर नसून राज्यांसोबत वाटून घ्यायच्या करांच्या, म्हणजेच विभाज्य निधीवर आहेत आणि राज्यघटनेच्या कलम २७० नुसार उपकर व अधिभार या निधीत धरलेच जात नाहीत.

मे २०२२ मधील कपातीनंतर साध्या पेट्रोलवर लिटरमागे १९.९० रुपये केंद्रीय उत्पादन शुल्क होते. त्यांपैकी ११ रुपये अधिभार म्हणून आकारले जाणारे विशेष अतिरिक्त शुल्क, ५ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि २.५० रुपये कृषी उपकर होता. वाटपासाठी उरले ते केवळ १.४० रुपयांचे मूळ शुल्क. त्याचे ४१ टक्के म्हणजे सर्व राज्यांना मिळून सुमारे ५७ पैसे, आणि २०२१-२६ साठी त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के असल्याने आपल्या वाट्याला जेमतेम साडेतीन पैसे.

राज्याचा व्हॅट अर्थातच वेगळा आहे. मात्र कर वाढवताना केंद्र मूळ शुल्काऐवजी उपकर वाढवते, तेव्हा टक्केवारी तशीच राहूनही राज्यांचा प्रत्यक्ष वाटा आक्रसतो, आणि माझ्या मते खरा आक्षेप इथेच घ्यायला हवा.