मदत हवी आहे: बायकार्बोनेट वाढलेलं असूनही पीएच कमी कसा?

मुक्ता:
नमस्कार मंडळी, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग चालू आहे. काल एका आजोबांचा एबीजी रिपोर्ट हातात आला, सीओपीडी आहे त्यांना, कित्येक वर्षं विडी ओढायचे. पीएच 7.34, सीओटू 60, बायकार्बोनेट 31. आता नॉर्मल बायकार्बोनेट 24, ह्यांचं 31, म्हणजे रक्तात अल्कली जास्त झाली ना? मग पीएच वर जायला हवा, तर हा 7.35च्याही खाली. फॉर्म्युला पाठ आहे पण रिपोर्टला लावायचा कसा तेच कळत नाहीये. कोणीतरी नीट सांगा प्लीज.

रानवारा:
किडनीने बायकार्बोनेट वाढवून कम्पेन्सेट केलंय, एवढं सरळ आहे. आणि तसंही हा बफर कमजोरच असतो. पीकेए 6.1 आणि रक्त 7.4, बफर चांगला चालतो पीकेएच्या एक युनिट इकडेतिकडे, आम्ही बीएस्सीला हेच शिकलो. म्हणून पूर्ण सावरला नसेल.

जुना लॅबवाला:
मुक्ता, तू एकटं बायकार्बोनेट बघतेयस तिथेच अडकलीस. पीएच ठरतो तो बायकार्बोनेट आणि विरघळलेला सीओटू ह्यांच्या गुणोत्तरावर.

```
pH = 6.1 + log( HCO3 / (0.03 × pCO2) )
```

नॉर्मल माणसाचा सीओटू 40, त्याला 0.03 ने गुणलं की 1.2, आणि 24 भागिले 1.2 म्हणजे बरोबर 20. वीसचा लॉग 1.3, झाला 7.4. आता आजोबांचं कर, 60 गुणिले 0.03 म्हणजे 1.8, आणि 31 भागिले 1.8 साधारण 17. वरचा आकडा वाढला पण खालचा त्याहून जास्त पटीत वाढला, म्हणून वीसाचे सतरा झाले आणि पीएच 7.34 वर आला. किडनीने काही केलंच नसतं आणि बायकार्बोनेट 26च्या आसपास राहिलं असतं तर चौदा-साडेचौदा, म्हणजे 7.26. तेव्हा ते 31 अल्कलीचा आजार नाही, सीओटूच्या मागे धावून वाढलेलं आहे.

रानवारा, किडनीचं बरोबर, पण कमजोर म्हणालास ते बंद बाटलीत खरं. लिटरमागे 24 मधलं 12 बायकार्बोनेट ॲसिडने खाल्लं असं धर. बाटलीला झाकण असेल तर तेवढाच नवीन सीओटू आतच साठेल, 1.2 चा होईल 13.2, आणि पीएच सहाच्या आसपास, माणूस संपलाच. शरीरात फुफ्फुसं तो बाहेर टाकून 1.2 वरच ठेवतात, मग 12 भागिले 1.2 म्हणजे दहा, पीएच 7.1. श्वास वाढला तर सीओटू अजून उतरतो आणि पीएच अजून सावरतो. आजोबांचं हेच झाकण अर्धं बंद आहे.

रानवारा:
बाटलीचं लक्षात आलं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

माईची_लेक:
मध्येच विचारते, माझ्या आईची शुगर पाचशेच्या वर गेली होती, श्वास इतका खोल आणि जोरात की आम्हाला दमाच वाटला. रिपोर्टमध्ये सीओटू 20 आणि बायकार्बोनेट 9 होतं. सीओटू कमी म्हणजे चांगलंच ना? आणि बायकार्बोनेट एवढं कमी तर सोड्याचं इंजेक्शन का नाही दिलं, इन्सुलिन आणि सलाइनच चालू होतं, अजून मनात राहिलंय ते.

जुना लॅबवाला:
ताई, तो जोराचा श्वास म्हणजे शरीर सीओटू उपसून टाकत होतं. 20 ला 0.6, 9 भागिले 0.6 म्हणजे पंधरा, पीएच साधारण 7.28. सीओटू 40 वरच राहिला असता तर गुणोत्तर साडेसात, आणि पीएच सातच्या अगदी जवळ. ॲसिड तयार होतं इन्सुलिन नसल्यामुळे, ते मिळालं की थांबतं आणि बायकार्बोनेट परत भरून येतं, म्हणून इन्सुलिनच महत्त्वाचं. सोडा अगदी खालच्या पीएचलाच विचारात घेतात, ते तिथल्या डॉक्टरांनाच माहीत.

मुक्ता:
आता डोक्यात शिरलं, मी गुणोत्तर न बघता आकडे एकेकटे वाचत होते. पण एक सांगा, हे आजोबांचं नेहमीचंच आहे की आत्ता बिघडलंय?

जुना लॅबवाला:
एका रिपोर्टवरून मी नाही सांगणार. बायकार्बोनेट एवढं वाढायला किडनीला काही दिवस लागतात, म्हणजे सीओटू बराच आधीपासून वाढलेला असणार, पण त्यावर कालची भर आहे का ते जुन्या रिपोर्टशिवाय कळत नाही. आणि सॅम्पल घेतल्यावर सिरिंज किती वेळ पडून होती ते विचार. ठेवून दिली की रक्तातल्या पेशी सीओटू तयार करत राहतात आणि पीएच खाली येतो, हवेचा बुडबुडा राहिला तर उलट सीओटू कमी दिसतो. मशीन मोजतं ते पीएच आणि सीओटू, बायकार्बोनेट त्यावरूनच काढतं, म्हणजे एक चुकलं की तेही चुकलंच.

मुक्ता:
सिरिंज तिसऱ्या मजल्यावर न्यायला वॉर्डबॉय उशिरा आला होता, तेवढं आठवतंय, किती मिनिटं ते कोणी लिहिलेलं नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड त्यांचा मुलगा उद्या घेऊन येतोय, मिळालं की आकडे इथे टाकते.