कुणकेश्वरच्या जत्रेत हरवलेला मुलगा

अ-३, बर्वे काकू: कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत चार वर्षांचा एक मुलगा चुकला होता, हे काल ग्रुपवर आले. मी तेव्हा पोलिसांच्या मदत केंद्रात बसले होते, म्हणून घडले ते सविस्तर लिहिते. त्याला स्वतःचे नाव सांगता येत होते. पण वडिलांना तो केवळ 'बाबा' म्हणे आणि गावाचे नाव त्याला ठाऊक नव्हते. 'फिरणारा दिवा' आणि 'बाबांचं दुकान' एवढेच तो रडत रडत सांगत होता. फिरणारा दिवा म्हणजे आकाशपाळणा, असे समजून काही जण त्याला पाळण्यापाशी घेऊन गेले आणि त्यात बराच वेळ गेला. वास्तविक, पालक शोधत येतात ते मदत केंद्राकडे. मूल तेथून हलले की चुकामूक वाढते.

ब-७, सावंत: काकू, मग उलगडा कसा झाला?

अ-३, बर्वे काकू: त्याला आधी पाणी दिले आणि शांत होऊ दिले. घाबरलेले मूल 'दुकान किराण्याचे आहे का?' या प्रश्नालाही मान डोलावते, म्हणून उत्तर सुचवणारा एकही प्रश्न विचारायचा नाही, असे मी ठरवले. 'दिवा कधी दिसतो?' असे विचारताच तो म्हणाला, 'झोपताना.' म्हणजे दिवा जत्रेतला नसून घरून दिसणारा होता, आणि किनाऱ्यावर फिरणारा दिवा म्हटले की दीपगृहच आठवते. 'बाबा दुकानात काय करतात?' यावर त्याने हात वरखाली करून सांगितले, 'दोरी तोलतात.' वजनावर दोरी विकतात ती जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात, आणि दीपगृहाजवळचे मासेमारीचे बंदर म्हणजे इथून जवळचे देवगड. रत्नागिरीलाही दीपगृह आहे, त्यामुळे हा अंदाजच होता. तरीही ध्वनिक्षेपकावरून देवगडच्या जाळी-दोरीच्या दुकानदारांना बोलावले आणि थोड्याच वेळात वडील धावत आले.

ब-७, सावंत: ते खरोखर वडीलच आहेत, याची खात्री कशी केली?

अ-३, बर्वे काकू: घोषणेत मुलाचे नाव आणि कपड्यांचा रंग मुद्दाम सांगितला नव्हता. ते दोन्ही त्यांनी स्वतःहून सांगितले, मोबाईलमधील कुटुंबाची छायाचित्रे दाखवली आणि पोलिसांनी नोंद करूनच मुलाला त्यांच्या स्वाधीन केले. मुलाने त्यांच्याकडे झेप घेतली, हे खरे. पण खाऊ देणाऱ्या अनोळखी माणसाकडेही लहान मूल जाते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

क-१, सचिव: आणि कोणीच आले नसते तर?

अ-३, बर्वे काकू: १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. कितीही कळवळा आला तरी मुलाला स्वतःच्या घरी नेऊन ठेवता येत नाही.

ब-७, सावंत: आम्ही पुढच्या जत्रेला जाताना मुलाच्या खिशात दोघांचे मोबाईल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवू.

अ-३, बर्वे काकू: ठेवाच, मात्र नाव सदऱ्याच्या बाहेरच्या बाजूस लिहू नका, कारण नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचाच वाटतो.