मदत हवी आहे: न्यूरोसर्जनांचा आर्थिक खंड माझ्याकडे बरोब्बर दुप्पट का येतोय?

अर्धवेळ_विद्यार्थिनी
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून एमए करतेय, त्यामुळे वर्गात बसून कुणाला विचारायची सोय नाही. एक गणित दोन दिवस डोकं खातंय.

न्यूरोसर्जनांचा पुरवठा W = ६० + ३Q आणि मागणी W = ३०० − ५Q असा दिलाय. W म्हणजे एका सर्जनचं महिन्याचं वेतन, Q म्हणजे सर्जनांची संख्या. एकूण बदली प्राप्ती, म्हणजे सर्जनांना या कामात आणायला निदान जेवढं द्यावंच लागतं ते, आणि एकूण आर्थिक खंड, म्हणजे त्यावर मिळणारं जास्तीचं, काढायचा आहे. (वेतन कशात मोजलंय ते दिलेलं नाही, नुसते आकडे आहेत.)

समतोलापर्यंत काही अडलं नाही. ८Q = २४०, म्हणून Q = ३० आणि W = १५०. एकूण वेतन ४५००. पुढे मी असा विचार केला की ६० पेक्षा कमी दिले तर एकही सर्जन येत नाही, म्हणजे ६० ही त्यांची किमान अपेक्षा. मग बदली प्राप्ती ६० × ३० = १८०० आणि उरलेले २७०० खंड.

पुस्तकाच्या मागे खंड १३५० दिलाय. माझ्या बरोब्बर निम्मा! मैत्रिणीने एकेक सर्जन घेऊन तक्ता मांडला तर तिचा खंड १३०५ आला. एक गणित, तीन उत्तरं. माझं कुठे चुकतंय?

वैतागलेला_घरमालक
खंड म्हणजे भाडंच ना? मग सर्जन ज्या जागेत दवाखाना चालवतात तिचं भाडं आधी वेतनातून वजा करायला हवं. ते दिलंय का गणितात?

अर्धवेळ_विद्यार्थिनी
नाही हो, जागेचा इथे संबंध नाही. हे सर्जनच्याच कमाईतले दोन भाग पाडायचे आहेत.

वैतागलेला_घरमालक
अच्छा. मग मी गप्प बसतो, पण शब्द कुणी निवडला त्याला धरा.

जुना_फळा
घरमालक, शब्द जमिनीवरूनच आलाय, त्यामुळे तुमची चूक अगदीच निराधार नाही. जमिनीचं उत्पन्न समजून घ्यायला तयार झालेली कल्पना पुढे माणसांच्या कमाईलाही लावली गेली.

आता ताई, तुमच्या गणिताकडे. एक काम करा. पुरवठ्याच्या समीकरणात Q = २० घाला. W किती येतं? ६० + ६० = १२०. याचा अर्थ रांगेतला विसावा सर्जन १२० मिळाल्याशिवाय हे काम धरणारच नाही. त्याच्यापुढे दुसरं काहीतरी आहे, शिकवणं असेल, संशोधन असेल, वैद्यकातलीच दुसरी एखादी शाखा असेल, आणि तिथे त्याला १२० च्या तोडीचं मिळतंय. तुम्ही मात्र त्याला ६० वर बोलावलंत आणि वरचे सगळे खंडात टाकलेत. तो ६० वर आलाच नसता.

६० हा आकडा सगळ्यांचा नाही. रांगेत अगदी पहिला उभा असलेल्याचा आहे. वक्र चढता आहे याचा अर्थच हा, की पुढच्या प्रत्येकाला इकडे ओढून आणायला थोडं जास्त मोजावं लागतं. म्हणून बदली प्राप्ती म्हणजे पुरवठा रेषेच्या खालचं पूर्ण क्षेत्रफळ. त्यात ६० × ३० चा आयत आहेच, ते तुमचे १८००. पण त्यावर एक त्रिकोण बसलाय, पाया ३० आणि उंची ९०, म्हणजे १३५०. दोन्ही मिळून ३१५०. एकूण ४५०० मधून ते गेले की खंड १३५० उरतो.

बरोब्बर दुप्पट का आलं हेही यातच आहे. तुमचे २७०० म्हणजे ९० × ३० चा आयत. पुरवठा रेषा सरळ असल्यामुळे ती त्या आयताचा कर्ण होते आणि दोन समान तुकडे पाडते. वरचा तुकडा खंड, खालचा बदली प्राप्तीचा. तुम्ही दोन्ही वर मोजलेत. रेषा वाकडी असती तर हा निम्म्याचा हिशेब जमला नसता, तेव्हा 'खंड निम्मा करायचा' असं मात्र पाठ करू नका.

तक्तेवाला
फळासाहेब, माफ करा, पण बरोबर उत्तर मैत्रिणीचंच आहे. माणसं अर्धीमुर्धी नसतात. पहिला ६३ ला येतो, दुसरा ६६ ला, असं करत तिसावा १५० ला. बेरीज ३१९५. ४५०० − ३१९५ = १३०५. क्षेत्रफळ काढलं की सर्जनचे तुकडे होतात. आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खंड १३०५ ÷ ३० = ४३.५, एवढं सरळ आहे.

जुना_फळा
पहिला अर्धा भाग मान्य, दुसरा नाही.

तक्त्यात पुरवठा रेषा राहत नाही, पायऱ्या होतात. प्रत्येक पायरी रेषेच्या थोडी वर डोकावते. डोकावणारा तुकडा म्हणजे पाया १ आणि उंची ३ चा छोटा त्रिकोण, क्षेत्रफळ १.५. असे ३० तुकडे म्हणजे ४५. पुस्तकाचा खंड आणि तुमचा खंड यांत फरक नेमका तेवढाच आहे. मोजून ३० माणसं असतील तर तुमचा तक्ता जास्त खरा, यात वाद नाही. पण प्रश्नात समीकरण दिलं असेल तर परीक्षक क्षेत्रफळाचीच अपेक्षा करतो, तक्ता दिला असेल तर बेरजेची. आणि सर्जनांऐवजी Q मध्ये कामाचे तास मोजले तर पायऱ्या इतक्या बारीक होतात की फरक दिसतसुद्धा नाही.

पण तीसने भागणं सोडून द्या. तुमच्याच तक्त्यात बघा, पहिल्याला १५० मिळतात आणि तो ६३ ला तयार होता, त्याचा खंड ८७. दहावा ९० ला तयार होता, त्याचा ६०. आणि तिसावा? त्याला १५० हवेच होते आणि तेवढेच मिळाले. त्याचा खंड शून्य. वेतन तिघांचं एकच, खंड तिघांचा वेगळा. ४३.५ खंड मिळणारा तर त्या रांगेत कुणीच नाही.

तक्तेवाला
हं. सरासरी म्हणून लिहिलं होतं. पण ठीक आहे, 'प्रत्येकाच्या वाट्याला' म्हणायला नको होतं.

अर्धवेळ_विद्यार्थिनी
थांबा, तिसाव्या सर्जनला १५० मिळतात, म्हणजे पहिल्याइतकेच, आणि तरी त्याचा खंड शून्य? मी आतापर्यंत धरून चालले होते की भरपूर पगार म्हणजे भरपूर खंड.

जुना_फळा
पगार किती मोठा आहे यावरून खंड कळत नाही. तो माणूस किती कमी पैशांत थांबला असता, यावरून कळतो.

भूल_देणारी
मी भूलतज्ज्ञ आहे, अर्थशास्त्र शाळेतच सुटलं. पण हे वाचून जरा लागलं. ऐन तरुणपणाची वर्षं शिकण्यात घातली, रात्रपाळ्या केल्या, आणि तुमच्या हिशेबाने माझ्या पगारातला मोठा तुकडा न देता चाललं असतं? दुसरं म्हणजे, उद्या मी इथून उठले तर शेजारचं रुग्णालय मला जवळपास एवढेच पैसे देईल. मग मी दहाव्या नंबरवर असले तरी माझा खंड ६० कसा?

जुना_फळा
डॉक्टर, तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो गणितालाच धरून आहे. बदली प्राप्ती विचारताना 'कुठून सुटून कुठे' हे ठरवावं लागतं. समजा तुम्हाला इथे १५० मिळतात, शेजारी १४५ मिळतील आणि हा पेशाच सोडला तर ९०. मग तुमच्या रुग्णालयाच्या नजरेतून तुमचा खंड ५ आहे आणि अख्ख्या पेशाच्या नजरेतून ६०. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगवेगळे. ताईंच्या गणितातला वक्र पेशाचा आहे. एकाच रुग्णालयापुढचा पुरवठा वक्र काढला तर तो पुष्कळच आडवा असेल आणि खंडाचा त्रिकोण चिंचोळा होईल.

आता पहिला मुद्दा. शिक्षणाचा खर्च आणि वर्षं आता परत मिळणार नाहीत, त्यामुळे आज काम धरायचं की सोडायचं हे ठरवताना ती हिशेबात येत नाहीत. आजचा वक्र म्हणूनच खाली दिसतो आणि खंड फुगतो. पण हाच प्रश्न अजून शाखा निवडायची आहे अशा मुलाला विचारा. तो म्हणेल, एवढी वर्षं घालायची तर त्याची भरपाई होईल एवढं वेतन हवं, नाहीतर दुसरं काही करतो. त्याचा वक्र वर सरकलेला आणि जास्त आडवा असतो. आज जो खंड वाटतो त्यातला बराच भाग तिथे बदली प्राप्ती ठरतो. अशा तात्पुरत्या खंडाला अर्थशास्त्रज्ञ मार्शलने आभास खंड म्हटलं. तेव्हा अर्थशास्त्र तुम्हाला फुकटखाऊ म्हणत नाहीये.

भूल_देणारी
बरं वाटलं, पण पूर्ण पटलं नाही. मुळात या शाखेच्या जागाच मोजक्या होत्या. माझ्याइतकीच वर्षं घालायला तयार असलेले कितीतरी बाहेर राहिले. मग माझ्या पगारातलं किती मेहनतीचं आणि किती त्या बंद दाराचं?

जुना_फळा
बंद दारामुळे मिळतं ते लांब पल्ल्यातही खंडच राहतं, कारण वेतन वाढलं तरी नवे लोक आत येऊ शकत नाहीत. पण दोन्हींची फोड W = ६० + ३Q एवढ्यावरून होणार नाही. त्यासाठी शिकण्याआधीच्या माणसाचा वक्र वेगळा काढायला हवा, आणि तो गणितात कुणी देत नाही.

भूल_देणारी
म्हणजे माझा प्रश्न शिल्लकच राहिला. असो, ड्युटी आहे.

अर्धवेळ_विद्यार्थिनी
याच गणिताचा (ब) भाग करून बघितला. मागणी वाढून W = ३८० − ५Q झाली. आता ८Q = ३२०, Q = ४०, W = १८०. एकूण वेतन ७२००. बदली प्राप्ती ६० × ४० = २४०० आणि त्यावरचा त्रिकोण ½ × ४० × १२० = २४००, मिळून ४८००. खंड २४००. म्हणजे खंड १०५० ने वाढला आणि तो नव्याने आलेल्या दहा जणांनी नेला. बरोबर?

जुना_फळा
आकडे सगळे बरोबर, शेवटचं वाक्य उलटं. वेतन १५० चं १८० झालं. जे ३० आधीच काम करत होते त्यांना प्रत्येकी ३० जास्त मिळाले, आणि ते तर १५० वरही थांबले होते. म्हणजे ९०० त्यांच्याकडे गेले. तिसाव्याचा शून्य खंडसुद्धा आता ३० झाला. नव्या दहांच्या वाट्याला नुसता त्रिकोण, ½ × १० × ३० = १५०.

तक्तेवाला
माझ्या तक्त्यात नव्या दहांचा खंड २७, २४, २१ असं उतरत चाळिसाव्याला शून्य. बेरीज १३५ येतेय, १५० नाही.

अर्धवेळ_विद्यार्थिनी
दहा पायऱ्या गुणिले १.५, म्हणजे १५. हे मला आता न विचारता जमलं! मैत्रिणीला धागा पाठवते, ती अजून पुस्तकाला शिव्या देतेय.