मदत हवी आहे: पेन्शनचा अर्ज पीडीएफ केला, पण मराठी नावाचा रकाना समोरच्याला कोरा दिसतो

कोरेगावचे आबा

नमस्कार मंडळी. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुक्काम कोरेगाव, जिल्हा सातारा. कुटुंबाच्या तपशिलाचा एक अर्ज पेन्शनच्या कामासाठी पाठवायचा आहे. त्यात माझं नाव, पीपीओ क्रमांक, पत्नीचं नाव आणि तिची जन्मतारीख एवढंच भरायचं आहे. पण पत्नीची जन्मतारीख नोंदीत नीट असणं किती गरजेचं आहे, हे माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी मी पाहिलंय. तो गेल्यावर वहिनींना कागदासाठी फार हेलपाटे पडले. म्हणून हा अर्ज मला बिनचूक जायला हवा आहे.

अर्जाची फाईल लिब्रेऑफिस रायटरची आहे. तीत भरायच्या चौकटी आधीच केलेल्या होत्या. मी चौकटीत टिचकी मारून मराठीत टंकलं, फाईल जपून ठेवली आणि तशीच पाठवली. तिकडून निरोप आला, "उघडते, पण तक्ता दुसऱ्या पानावर गेलाय, सहीची जागाच दिसत नाही."

सुट्टीला नातू आलाय, नववीत आहे. तो म्हणाला, "आबा, अशी फाईल पाठवायची नसते, पीडीएफ करायची." मी `Save As` उघडून यादीत पीडीएफ शोधायला लागलो. त्याने माझा हात थांबवला. "तिथं नाही मिळणार. सेव्ह म्हणजे पुन्हा लिहिता येईल अशी फाईल. पीडीएफ म्हणजे त्या पानाची पक्की प्रत, ती बाहेर काढावी लागते." मग वरच्या पट्टीतलं एक बटण दाबायला लावलं, नाव विचारलं गेलं, पीडीएफ तयार. मूळ फाईल तशीच राहिली. मला एकदा दाखवून त्याने ती पीडीएफ पुसली आणि म्हणाला, "आता तुम्ही करा." मी केली.

आमच्या संगणकावर सगळं छान दिसतं. पण ज्यांना पाठवली त्यांच्या मोबाईलवर तक्ता बरोबर, ठळक मथळे बरोबर, पीपीओ क्रमांकही दिसतो. माझं आणि पत्नीचं नाव मात्र कोरं. त्यांनी फोटो काढून पाठवला, खरंच कोरं आहे. नातूही विचारात पडलाय. कुणी सांगेल का?

माणदेशी

काका, हा फॉन्टचा घोळ. तुमच्याकडचा मराठी फॉन्ट त्यांच्या मोबाईलमध्ये नसणार. मंगल फॉन्ट वापरून पुन्हा करा, होईल.

मिरजेची ताई

आबा, माझ्या सासऱ्यांचंही असंच अडलंय. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, बोटांचे ठसेच जुळत नाहीत. आयुष्यभर शेतात काम केलेले हात आहेत. तुम्ही चेहऱ्यावरून करून बघा ना, जीवन प्रमाणमध्ये ती सोय आहे.

कोरेगावचे आबा

ताई, हयातीचा दाखला माझा झालाय, हा अर्ज वेगळा आहे. पण सासऱ्यांचं वेगळा धागा काढून जरूर विचारा, इथे बऱ्याच जणांना तो अनुभव असेल.

माणदेशी, मंगल करून पाहिलं. फरक नाही.

छपाईवाला_सांगली

आबा, तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यात उत्तर आहे: मथळे दिसतात, क्रमांक दिसतो, चौकटीतलं मराठी दिसत नाही. मथळेही मराठीतच आहेत ना? मग मोबाईलमध्ये फॉन्ट नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. पीडीएफ करताना पानावर वापरलेली अक्षरं फाईलच्या आतच भरली जातात, म्हणून मथळे कुठेही शाबूत दिसतात. तुमच्या पहिल्या फाईलचा तक्ता घसरला, तिथं माणदेशींचं म्हणणं लागू पडू शकतं. तिकडे दुसरा फॉन्ट बसला की ओळींची उंची बदलते आणि सही पुढच्या पानावर जाते.

पीडीएफमधली गोष्ट वेगळी. नातवाने दाबलेलं बटण बहुतेक `Export Directly as PDF` होतं. ते काहीच न विचारता फाईल काढतं. रायटरच्या पीडीएफमध्ये भरायच्या चौकटी मुळातच भरण्याजोग्या ठेवायची सोय आहे आणि ती आधीपासून चालू असते. म्हणजे तुमचं नाव पानावर उमटलेलं नाही, ते चौकटीत ठेवलेलं आहे. समोरचं ॲप ती चौकट स्वतःच्या अक्षरांनी पुन्हा रंगवतं. त्याच्याकडे इंग्रजी आकडे आहेत, देवनागरी नाही. म्हणून क्रमांक आला, नाव गेलं.

खात्री करायची असेल तर संगणकावर ती पीडीएफ उघडून नावावर टिचकी मारा. कर्सर आत जाऊन नाव खोडता आलं, तर चौकट जिवंत आहे.

आता असं करा. `File`, मग `Export As`, मग `Export as PDF…` घ्या. खिडकी उघडेल. `General` या पानावर `Create PDF form` समोरची खूण काढा आणि `Export` दाबा. आता नाव पानावरच छापल्यासारखं उमटेल.

माणदेशी

बरोबर, मथळ्यांचा विचारच केला नाही मी. पण एवढं कशाला? छपाईच्या खिडकीत प्रिंटरऐवजी `Microsoft Print to PDF` निवडलं तरी झालं की.

छपाईवाला_सांगली

तसंही चालेल, कागदावर चौकट जिवंत राहतच नाही. फक्त तिथं कागदाचा आकार ए४ आहे का ते बघा. माझ्याकडे लोक लेटर आकाराच्या पीडीएफ घेऊन येतात, मग छापताना मजकूर ए४ कागदावर नीट बसत नाही.

कोरेगावचे आबा

आत्ताच करून उठलो. आधी टिचकीची परीक्षा घेतली. कर्सर खरंच आत गेला आणि पत्नीच्या नावातलं शेवटचं अक्षर खोडलं गेलं. नातू म्हणाला, "बघा, म्हणजे कुणीही बदलू शकलं असतं." ती फाईल न जपता बंद केली. मग खिडकी उघडून मी खूण काढली, तो नुसता बघत होता. नव्या पीडीएफमध्ये टिचकी मारली तर काहीच होत नाही. त्याच्या मोबाईलवर पाठवली, सुनेच्या मोबाईलवर पाठवली. दोन्हीकडे दोघांचीही नावं पूर्ण दिसली. तिकडेही पाठवली आहे.

नातवाने नाव देताना आधीचीच पीडीएफ पुसू दिली नाही, नव्या फाईलच्या नावापुढे तारीख लिहायला लावली. मूळ रायटरची फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. पुढे पत्ता बदलला तर तीच उघडून दुरुस्त करायची आणि पुन्हा पीडीएफ काढायची, असं त्याने वहीत लिहून दिलंय.

आता एकच राहिलं. सही कागदावर करून मोबाईलने स्कॅन केलेली चालते, की सहीचं चित्र अर्जात बसवून पीडीएफ काढायची?

छपाईवाला_सांगली

हे तंत्राचं नाही, स्वीकारणाऱ्याचं आहे, तेव्हा त्यांनाच विचारा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण छापून, निळ्या शाईने सही करून, स्कॅन करून पाठवतात. चित्र बसवलेली सही परत आलेलीही मी पाहिली आहे.

मिरजेची ताई

आबा, उत्तर कळलं की इथं लिहा. सासऱ्यांच्या अर्जालाही सही लागणार आहे, आणि त्यांचा हात थरथरतो.