गोठ्याच्या नव्या टिनांवर पांढरा रंग मारावा का?

कपाशीवाला (हिंगणघाटजवळ)
बकऱ्यांच्या गोठ्यावर यंदा नव्या जस्ताच्या टिना टाकल्या. चकाकतात, म्हणजे ऊन परतवत असतील. पण दुपारी हात लावला की पोळतो, अन् टेम्परेचर गन मात्र ४५ च्या आसपास दाखवते. रंगाचा खर्च करू का?

आर्वीचा_काका
नवी टिन चांगलीच असते. गंजलेली टिन जवळपास दुप्पट ऊन पिते. रंगाचे पैसे वाचवा.

माह्या_वावरात
माह्या घरी सोलर हिटर हाये. त्याच्या पट्टीवर सिलेक्टिव्ह कोटिंग हाये म्हणे. तेच टिनाले मारलं तं?

पत्राशेड_यवतमाळ
भाऊ, ते नका मारू! हिटरचं कोटिंग ऊन भरपूर पितं आणि उष्णता बाहेर सोडत नाही. पाणी तापवायला तेच हवं. छपराला नेमकं उलटं पाहिजे. ऊन आणि तापलेल्या टिनेची स्वतःची उष्णता वेगवेगळ्या लहरींची असते, म्हणून एकच रंग एक नाकारून दुसरी सोडू शकतो.

काका, ऊन पिण्याचं तुमचं बरोबर आहे, पण ते अर्धंच झालं. हवा ४५ अंश, बेताचा वारा, चौरस मीटरवर ९५० वॅट ऊन धरा. खालच्या बाजूने जाणारी उष्णता सोडून देऊ. नवी टिन त्यातले ४० टक्के, म्हणजे ३८० वॅट घेते. पण चकचकीत जस्त उष्णता सोडण्यात फार कंजूष, काळ्या पृष्ठाच्या पाचवा हिस्सा. ६५ वॅट कसेबसे आभाळाकडे जातात, बाकीचे वाऱ्याने न्यायचे. त्यासाठी टिनेला ७१ अंशांपर्यंत तापावं लागतं. पांढरा रंग २५ टक्केच ऊन घेतो आणि उष्णता मोकळ्या हाताने सोडतो, म्हणून तो ५३ ला थांबतो. वारा निम्म्यावर आला की पांढरी टिन ५६ वर जाते, चकचकीत नव्वदीत! मे महिन्यातल्या निवांत दुपारी बकऱ्या धापा टाकतात, त्याचं कारण हेच.

कपाशीवाला
मग गन ४५ कशी दाखवते?

पत्राशेड_यवतमाळ
गन टिनेतून निघणारी उष्णता मोजते. ती कमीच निघते, वर थंड आभाळाचं प्रतिबिंब मिसळतं. टिनेला खालून काळी इलेक्ट्रिक टेप चिकटवा आणि सावलीतून टेपवर गन धरा. खरा आकडा दिसेल.

रंग फक्त वरून मारा. खालची बाजू चकचकीत राहू द्या, तिथे तोच कंजूषपणा बकऱ्यांच्या कामी येतो. नव्या जस्तावर ऑइलपेंट पापुद्रे धरून सुटतो. जस्तासाठीचा प्रायमर आणि वर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक घ्या.

आर्वीचा_काका
आमच्या रस्त्याची धूळ पाहता पांढरा किती दिवस पांढरा राहील? अन् हिवाळ्यात रात्री टिन जास्त गार होऊन खाली दव ठिबकलं तर?

पत्राशेड_यवतमाळ
धूळ बसली की तो जास्त ऊन घेणारच, उन्हाळ्याआधी धुवावा लागेल. दवाची शंका खरी आहे. रात्री तोच रंग टिन हवेपेक्षा गार करतो. खाली तट्ट्या लावून कोणी पाहिलं असेल तर सांगा.