संपादकांना पत्र: इतके सौम्य केले तर उरते काय?

गच्चीवरून:
वृत्तपत्राला पत्र पाठवायचे आहे. 150 शब्दांची मर्यादा आहे. एकच मुद्दा दिसतो का, भाषा घसरली आहे का आणि कुठे कात्री लावू, हे कुणी सांगेल का?

> लोकमान्य टिळकांनी ज्या उदात्त हेतूने सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, त्याचा आज पार विचका झाला आहे. आमच्या गल्लीत वर्गणीच्या नावाखाली दमदाटी चालते. मंडपासाठी रस्ता खणतात, ते खड्डे दिवाळीपर्यंत तसेच. परवा रात्री पावणेबाराला डीजे चालू होता. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मोबाईलवर मोजले तर 92 डेसिबल! विचारायला गेलो तर अध्यक्ष म्हणतात, 'आज 12 पर्यंत परवानगी आहे.' असल्या टवाळखोरांना संस्कारच नाहीत. पोलीस हप्ते खाऊन झोपले आहेत काय? संबंधितांनी वेळीच लक्ष घालावे. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.

सडेतोड:
उत्तम आहे, तसेच पाठवा. शब्द मर्यादेतच आहेत. जास्त झाले तर कापायला संपादक बसलेत की! राग आला आहे तर तो दिसू दे.

पानकाम:
मी काही वर्षे वाचकांच्या पत्रांचे पान लावत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संपादक कापतात हे खरे, पण तुमच्या मनातले ठेवून बाकीचे कापतील याची खात्री नाही. पान लावणाऱ्याला घाई असते. सहसा तो शेवटून कापतो, म्हणजे मागणी जाते आणि टिळक राहतात. गणेशोत्सवात येणाऱ्या पत्रांतली निम्मी तरी 'टिळकांनी ज्या हेतूने' अशीच सुरू व्हायची. त्या वाक्याने तुमचे पत्र गठ्ठ्यात हरवते.

आता मुद्दा. वर्गणी, खड्डे, आवाज, संस्कार, पोलीस असे पाच विषय आहेत आणि एकालाही जागा पुरलेली नाही. पण यात एक वाक्य सोन्यासारखे आहे, अध्यक्षांचे: 'आज 12 पर्यंत परवानगी आहे.' पत्र त्यावरच उभे करा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. त्यांत रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस ती वेळ 12 पर्यंत वाढवता येते. वाढते ती फक्त वेळ. आवाजाची मर्यादा त्या रात्रीही तशीच असते. हे बऱ्याच मंडळांना ठाऊक नसते आणि वाचकांनाही नसते, म्हणून ते छापण्याजोगे आहे.

घड्याळजी:
मर्यादा 75 डेसिबलची आहे. यांच्याकडे 92 आले, म्हणजे सरळसरळ उल्लंघन. पत्राची सुरुवातच त्या आकड्याने करा. आकड्यापुढे कुणाचे काही चालत नाही.

पानकाम:
75 अर्धेच बरोबर आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर, त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75, यांपैकी जे कमी ते धरायचे असते. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45, म्हणजे हद्दीवर 55. पत्रात 75 लिहिलेत तर तुम्हीच मंडळाला 20 डेसिबल बहाल केलेत.

आणि 92 काढाच. मोबाईलचे ॲप म्हणजे तपासून घेतलेले ध्वनिमापक यंत्र नव्हे. दुसऱ्याच दिवशी मंडळाचे उलटे पत्र येईल की फोनवर कसले मोजता, आणि चर्चा फोनवर जाईल. काचा थरथरत होत्या हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, तेवढे पुरते.

घड्याळजी:
'मोबाईलवरच्या मापनानुसार' असे स्पष्ट लिहून आकडा ठेवायला काय हरकत आहे? काचा तर ट्रक गेला तरी थरथरतात.

माईची ओसरी:
अहो, पण पेपरात लिहून काय होणार? त्याच वेळी 112 ला फोन करायचा. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत मी केला होता, पोलीस आले आणि आवाज बंद झाला. पेन्शनबद्दल मात्र मी पत्र पाठवले होते, चांगले तीन पानी. छापले नाही.

पानकाम:
माई, त्या रात्रीपुरता फोनच बरोबर. पत्र पुढच्या वर्षासाठी असते. तीन पाने मात्र कुणीच छापत नाही हो, पेन्शन असो की काही. पानावर पाच-सहा पत्रे बसवायची असतात.

सडेतोड:
मुद्दा एक करा, मान्य. पण 'टवाळखोर' आणि 'हप्ते' काढलेत तर पत्राला दात राहत नाहीत. मग ते पत्र कसले, तहसीलमध्ये दिलेला अर्ज झाला तो.

पानकाम:
'हप्ते' हा आरोप आहे आणि त्याला तुमच्याकडे पुरावा नाही. छापल्यावर जबाबदारी संपादकावरही येते, म्हणून तो शब्द दिसला की पत्र बाजूला पडते. 'टवाळखोर'चे कारण वेगळे. हे पत्र ज्याने वाचायला हवे, तो त्या मंडपात उभा असतो. पहिल्या शिवीला तो वाचणे थांबवतो. मी असे करीन:

> सवलत वेळेची, आवाजाची नाही
> गणेशोत्सवात काही दिवस रात्री 12 पर्यंत ध्वनिक्षेपक लावायला परवानगी असते. त्यांपैकी एका रात्री पावणेबाराला आमच्या घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. आवाज कमी करा म्हटल्यावर '12 पर्यंत परवानगी आहे' असे उत्तर मिळाले. पण परवानगी वेळेपुरती असते. ध्वनिप्रदूषण नियमांतली आवाजाची मर्यादा त्या रात्रीही लागू असते. सवलतीचे दिवस जाहीर करताना जिल्हाधिकाऱ्यांनी ही मर्यादा आकड्यांत सांगावी आणि तिचा फलक प्रत्येक मंडपाबाहेर लावणे बंधनकारक करावे.

शंभर शब्दांच्या आत आहे, कापायला काही उरत नाही. 'संबंधितांनी लक्ष घालावे' याच्या जागी कोणी आणि काय करावे ते आले. पाठवण्याआधी दोन गोष्टी करा. परवाची रात्र सवलतीच्या यादीत होती का ते बघा, कारण नसेल तर तक्रारच बदलते. मग 10 नंतरचे सगळेच बेकायदा. आणि तुमच्या जिल्ह्याचा यंदाचा आदेश मिळवून वाचा. मर्यादेचा आकडा त्यात आधीच असेल तर मागणी फक्त फलकाची ठेवा. पत्र दोन-तीन दिवसांत जाऊ दे. विसर्जनानंतर आठवड्याने आलेली अशी पत्रे आम्ही पुढच्या भाद्रपदासाठी ठेवत नसू.

सडेतोड:
नीटनेटके आहे, पण गुळगुळीत. वाचून कुणाची झोप उडणार नाही. निदान 'काचा थरथरत होत्या'च्या पुढे 'आणि शेजारच्या आजोबांना बधिरपणा येतो तसा उत्सवालाही आला आहे' असे काहीतरी टाका. टोमणा म्हणजे शिवी नव्हे.

पानकाम:
टोमण्याला माझी ना नाही, पण मुद्द्यावर हवा. हा उत्सवावर पडतो, आणि तुमची तक्रार उत्सवाची नाही.

माईची ओसरी:
वर्गणीचे राहिलेच की मग. आमच्याकडे तर पावतीवर रक्कम आधीच लिहून आणतात.

पानकाम:
त्याचे वेगळे पत्र, माई. पावतीचेच लिहा, पेन्शन त्यात नको.

गच्चीवरून:
यादी बघितली, परवाची रात्र सवलतीचीच होती. आदेशाची प्रत अजून मिळालेली नाही, उद्या विचारतो. टिळक, खड्डे, वर्गणी, हप्ते सगळे काढले. 92 चा आकडा मात्र 'मोबाईलवरच्या मापनानुसार' असे लिहून ठेवावासा वाटतोय. आणि खाली पूर्ण नाव द्यावेच लागते का? मंडप दारासमोर आहे.

पानकाम:
संपादकाला नाव, पत्ता, फोन द्यावाच लागतो. निनावी पत्र आम्ही उघडून बाजूला ठेवत असू. छापताना फक्त गावाचे नाव द्या अशी विनंती करता येते. काही ठिकाणी मानतात, काही ठिकाणी नाही, तेव्हा आधी फोन करून विचारा.

घड्याळजी:
आकडा ठेवा हो.