दिवाळी पॅकेजच्या जाहिरातीत दुरुस्त्यांची अट कशी लिहू?

किराणा, साडी, मिठाईच्या छोट्या दुकानांसाठी मी पोस्ट डिझाइनचं दिवाळी पॅकेज जाहीर करतेय. वसुबारस ते भाऊबीज रोज एक शुभेच्छा पोस्ट आणि दोन ऑफरच्या पोस्ट, दुकानाच्या नाव-लोगोसह, स्टेटससाठी उभ्या मापातही. किंमत एकरकमी, निम्मी आगाऊ.

अडकलंय ते दुरुस्त्यांवर. ‘दोन बदल मोफत’ लिहून पाहिलं, तर फोन नंबर सुधारणं आणि अख्खी रंगसंगती बदलणं दुकानदार एकच धरतात. अट काढली, तर धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीही ‘ताई, लक्ष्मी जरा मोठी करा’ चालूच! लांब नियमावली व्हॉट्सअ‍ॅपवर कोण वाचतंय?

मजकुरातली चूक कधीही मोफत, पण डिझाइनमधले बदल वसुबारसेच्या आठ दिवस आधी बंद, हे गिऱ्हाईक न बिचकता एका ओळीत कसं लिहाल?